दोन आणि चारचा हिशेब

```
PC03  5'-ACACAACTGTGTTCACTAGC-3'
PC04  5'-CAACTTCATCCACGTTCACC-3'
```

पीसीआरच्या इतिहासातली ही पहिली नामांकित जोडी. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत रँडल सायकी, कॅरी म्युलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे दोन प्रायमर वापरून बीटा-ग्लोबिन जनुकाचा 110 बेसांचा तुकडा वाढवला. गडचिरोली-नंदुरबारकडे ज्या सिकलसेल आजाराची तपासणी आजही सुरू आहे, त्याचा दोष याच तुकड्यात असतो. प्रायमर कसा रचावा याचे आज जे नियम शिकवतात, त्यांची कुळकथा या दोन ओळींवरून सांगता येते.

आधी लांबी. दोन्ही प्रायमर 20 बेसांचे आहेत. चार अक्षरांतून 16 बेसांचे सुमारे 430 कोटी वेगवेगळे क्रम होतात आणि मानवी जीनोम आहे सुमारे 300 कोटी बेसांचा. मात्र प्रायमर दोन्ही धाग्यांवर जागा शोधतो, म्हणून 16 बेस अपुरे पडतात. 17 वर गेल्यास तोच क्रम निव्वळ योगायोगाने दुसरीकडे सापडण्याची शक्यता बरीच घटते. जीनोममध्ये पुनरावृत्ती भरपूर असल्याने दोन-तीन बेस जास्त ठेवणे शहाणपणाचे. फार लांब प्रायमर मात्र महाग पडतो, आणि चुकीच्या जागीही घट्ट चिकटून बसू शकतो.

टीएमचा, म्हणजे वितळण्याच्या तापमानाचा, हिशेब पीसीआरच्याही आधीचा आहे. 1979 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्याच सिटी ऑफ होप संस्थेत ब्रूस वॉलेस यांचा गट छोटे कृत्रिम डीएनए फिल्टरवर चिकटवलेल्या डीएनएला जुळवून पाहत होता. एका बेसचा फरक असला तरी जोडी कमी तापमानाला सुटते, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या कामातून प्रयोगशाळेतले सोपे सूत्र निघाले: प्रत्येक A किंवा T साठी 2 अंश, प्रत्येक G किंवा C साठी 4. G-C जोडीत हायड्रोजनचे तीन बंध असतात आणि A-T मध्ये दोन, हे त्यामागचे ढोबळ कारण.

PC03 मध्ये 9 G-C आणि 11 A-T आहेत, म्हणून 36 अधिक 22, म्हणजे 58 अंश. PC04 मध्ये दोन्ही दहा-दहा, म्हणजे 60. जीसी प्रमाण 45 आणि 50 टक्के. आजचा 40 ते 60 टक्क्यांचा नियम आणि दोघांच्या टीएममध्ये फार फरक नसावा हा दंडक, दोन्ही ही जोडी सहज पाळते. पण सूत्र फिल्टरवरच्या, भरपूर मीठ असलेल्या द्रावणातले आहे. पीसीआरच्या नळीत मीठ बरेच कमी असते, आणि शेजारचे बेस एकमेकांवर कसे रचले जातात हे सूत्र पाहत नाही. त्यामुळे आजची सॉफ्टवेअर शेजारी बेसांच्या जोड्यांचा हिशेब करतात. त्याचे एकसंध आकडे सांतालुसिया यांनी 1998 मध्ये मांडले. माझ्या मते 2-4 चा हिशेब बोटांवर करून पाहावाच, फक्त मशीनवर तापमान त्यावरून ठरवू नये.

सगळ्यात रंजक मात्र PC03 चे शेवटचे पाच बेस आहेत: CTAGC. त्यातले CTAG उलट वाचूनही स्वतःलाच पूरक आहे, म्हणजे PC03 चे दोन रेणू टोकाशी टोक जोडून बसू शकतात. ते चार बेस जुळले की शेवटच्या C समोर A येतो आणि टोक मोकळे राहते. पॉलिमरेज एन्झाइम 3' टोकापासूनच पुढे बांधते, म्हणून टोक सुटलेले असले की वाढ सहसा होत नाही. समजा CTAG च्या आधीचा A हा G असता, तर GCTAGC हे सहाच्या सहा बेस जुळले असते आणि दोन्ही रेणू एकमेकांवर वाढले असते. यालाच प्रायमर-डायमर म्हणतात. म्हणून रचना तपासताना नजर आधी 3' टोकावर असते. याच प्रायमरच्या 5' बाजूला ACAC आणि GTGT मिळून हेअरपिन होतो, पण शेवटचे आठ बेस त्याबाहेर राहतात, म्हणून तो तुलनेने निरुपद्रवी.

डायमर ओळखायचा तो डीएनए न घातलेल्या कंट्रोल नळीतून. जेलवर सर्वांत खाली, 50 बेसांच्या आसपास किंवा त्याखाली, पुसट धुरकट पट्टा दिसला तर तो डायमरच समजावा. नमुन्यात लक्ष्य भरपूर असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. लक्ष्याचे मोजकेच रेणू असतील तर डायमर प्रायमर खाऊन टाकतो आणि खरा पट्टा येतच नाही.

1985 मध्ये एन्झाइम 37 अंशांवर काम करणारे क्लेनो होते, तापवल्यावर ते मरायचे आणि दर चक्राला नव्याने घालावे लागायचे. 1988 मध्ये उष्ण झऱ्यातल्या जीवाणूचे टॅक आले आणि प्रायमर 55-60 अंशांवर चिकटवता येऊ लागले. कमकुवत जोड्यांची तेवढी छाटणी आपोआप झाली. तरीही मिश्रण बनवताना, खोलीच्या तापमानाला टॅक थोडे काम करतेच, आणि डायमर तिथेच जन्मतो. 1992 मध्ये चू आणि सहकाऱ्यांनी मेणाचा थर घालून मिश्रणाचे दोन भाग वेगळे ठेवले: नळी तापली, मेण वितळले, मगच एन्झाइमची प्रायमरशी गाठ पडली. आज मेणाऐवजी प्रतिपिंडाने किंवा रासायनिक बदलाने रोखलेले टॅक मिळते. मात्र ज्या प्रायमरांची 3' टोकेच एकमेकांना घट्ट पूरक आहेत, त्यांना तेही वाचवत नाही. ते पुन्हा रचावे लागतात.