बिल काढण्याआधी ग्राहकाचा जीएसटी नंबर कसा मागायचा आणि कसा तपासायचा?

काम झालं, ग्राहक खूश आहे, आता फक्त बिल पाठवायचं बाकी आहे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर जीएसटी नंबर मागता आणि उत्तर येतं, "मागच्या बिलावरचाच टाकून द्या ना भाऊ." तुम्ही तो टाकता. दीड महिन्याने त्यांच्या अकाउंटंटचा फोन येतो की बिल आमच्याकडे दिसत नाही, त्यामुळे पेमेंट थांबवलं आहे.

डिझायनर, व्हिडीओ एडिटर, सॉफ्टवेअरवाले, ट्रान्सपोर्टवाले, छोटे पुरवठादार अशा अनेकांवर ही वेळ येते. यात अडचण नंबर चुकीचा टाईप झाल्याचीच असते असं नाही. बऱ्याचदा नंबर अगदी खरा असतो, पण या बिलासाठी तो चुकीचा असतो. हा फरक एका उदाहरणातून समजून घेऊ.

अकोल्याचं काम, इंदूरचं बिल

समजा, तुम्ही अकोल्यात डिझाइनचं काम करता आणि तुमची जीएसटी नोंदणी आहे. अकोला डाळ मिलसाठी ओळखलं जातं. अशाच एका काल्पनिक डाळ मिलने तुम्हाला पाकिटांचं डिझाइन करायला सांगितलं. मिल अकोला एमआयडीसीत आहे, पण या फर्मचं पॅकिंग युनिट इंदूरला आहे. तिथल्या मॅनेजरने काम दिलं, डिझाइन तिथेच वापरलं जाणार आणि खर्चही इंदूरच्याच खात्यात पडणार.

कामाचे ६०,००० रुपये ठरले. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,८०० रुपये. एकूण बिल ७०,८०० रुपयांचं.

आता या फर्मचे दोन जीएसटी नंबर आहेत. समजण्यासाठी आपण दोन काल्पनिक नंबर घेऊ:

```
अकोला : 27AAAFA0000A1ZS
इंदूर  : 23AAAFA0000A1Z0
```

पहिले दोन अंक राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २३ म्हणजे मध्य प्रदेश. पुढची दहा अक्षरं म्हणजे फर्मचा पॅन. फर्म एकच असल्यामुळे दोन्हीकडे पॅन तोच आहे. तेरावं अक्षर सांगतं की त्या राज्यात या पॅनवरची ही कितवी नोंदणी आहे. चौदाव्या जागी सहसा Z असतो आणि पंधरावं अक्षर हे आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेलं तपासणीचं अक्षर असतं.

या शेवटच्या अक्षरामुळे टाईप करताना एखादं अक्षर चुकलं तर गणित जुळत नाही आणि पोर्टल किंवा बिलिंग सॉफ्टवेअर तो नंबर स्वीकारत नाही. म्हणजे टायपिंगची चूक मशीन पकडतं. पण इंदूरऐवजी अकोल्याचा नंबर टाकला तर मशीन काहीच बोलणार नाही, कारण तो नंबरही बरोबरच आहे. ही चूक फक्त विचारून पकडता येते.

चुकीच्या शाखेचा नंबर टाकला तर काय होतं?

दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, कराचा प्रकार बदलतो. अकोल्याचा नंबर टाकला तर व्यवहार राज्यातल्या राज्यात दिसतो. मग ५,४०० रुपये सीजीएसटी आणि ५,४०० रुपये एसजीएसटी लागतो. पण सेवा घेणारी शाखा इंदूरची आहे, म्हणजे व्यवहार दोन राज्यांमधला आहे आणि त्यावर १०,८०० रुपये आयजीएसटी लागायला हवा. एकूण रक्कम तीच आहे, पण कर वेगळ्या खात्यात गेला.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या पैशांची आहे. तुम्ही भरलेल्या १०,८०० रुपयांचं इनपुट टॅक्स क्रेडिट ग्राहकाला घ्यायचं असतं, म्हणजे तेवढी रक्कम तो स्वतःच्या करातून वजा करतो. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेलं आणि ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेलं बिलच यासाठी चालतं. हातातली पीडीएफ पुरेशी नाही.

आपल्या उदाहरणात बिल ५ जूनचं आहे असं धरू. तुम्ही दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर ते ११ जुलैपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये जाईल. १४ जुलैला इंदूरचा अकाउंटंट जीएसटीआर-२बी उघडेल, पण त्यात बिल नसेल. ते अकोल्याच्या नंबरखाली जाऊन बसलेलं असेल. तुम्हाला फोन येईल तो यानंतर. तुम्ही तीन महिन्यांनी एकदा रिटर्न भरत असाल, तर चूक त्याहूनही उशिरा कळू शकते.

मग दुरुस्ती होत नाही का?

होते, पण ती कधी लक्षात आली त्यावर सगळं अवलंबून आहे.

जीएसटीआर-१ भरायच्या आधी कळलं तर काम सोपं आहे. जुनं बिल रद्द करून योग्य नंबरवर नवं काढा आणि दोन्हीची नोंद ठेवा.

जीएसटीआर-१ भरून झाल्यावर कळलं, तर ग्राहकाचा नंबर पुढच्या एखाद्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधल्या दुरुस्तीच्या तक्त्यात बदलता येतो. मात्र त्याला मुदत आहे. ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंतच, हा बदल करता येतो.

कराचा प्रकारच चुकला असेल तर काम आणखी वाढतं. कायद्यानुसार योग्य कर म्हणजे १०,८०० रुपये आयजीएसटी पुन्हा भरावा लागतो आणि चुकून भरलेल्या सीजीएसटी-एसजीएसटीचा परतावा मागावा लागतो. यावर व्याज लागत नाही, पण परतावा येईपर्यंत तेवढे पैसे तुमच्या खिशातून अडकतात. अशा वेळी आपल्या सीएला विचारूनच पाऊल टाका.

ग्राहकाला नेमकं काय विचारायचं?

"जीएसटी नंबर पाठवा" एवढंच लिहिलं तर समोरचा हाताशी असलेला नंबर पाठवतो. त्यापेक्षा "या कामाचा खर्च कोणत्या शाखेच्या नावावर जाणार?" असं विचारा. या प्रश्नामुळे काम देणारा माणूस अकाउंट्सला विचारतो आणि योग्य नंबर मिळतो.

हे विचारायची योग्य वेळ म्हणजे कोटेशन मंजूर होतं तेव्हा. कारण शाखा बदलली की कराचा प्रकार बदलतो. शिवाय काम देणारी आणि पैसे देणारी माणसं अनेकदा वेगळी असतात. असा मेसेज पाठवता येईल:

> नमस्कार,
> पाकीट डिझाइनच्या कामाचं बिल काढण्याआधी कृपया एवढी माहिती पाठवा:
> १. या कामाचा खर्च ज्या शाखेच्या नावावर जाणार, तिचा जीएसटी नंबर (टाईप करून) आणि जीएसटी सर्टिफिकेटची प्रत
> २. बिल कोणत्या नावाने हवं (सर्टिफिकेटवर आहे तसं)
> ३. बिलावरचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह
> ४. पर्चेस ऑर्डर नंबर असल्यास तो
> ५. बिल कोणत्या ईमेलवर पाठवायचं आणि अकाउंट्समध्ये कोणाशी बोलायचं
> जीएसटी नोंदणी नसेल तर तसं लिहून कळवा, म्हणजे बिल त्याप्रमाणे काढतो.

नंबर टाईप करून मागा, कारण फोटोतला शून्य आणि इंग्रजी O सारखाच दिसतो. टाईप केलेला नंबर थेट कॉपी करता येतो आणि सर्टिफिकेटशी ताडूनही पाहता येतो.

शेवटची ओळही कामाची आहे. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर नंबर येत नाही, पण करपात्र रक्कम ५०,००० रुपये किंवा जास्त असेल तर त्याचं नाव, पत्ता आणि राज्य बिलावर लिहावंच लागतं. आपलं ६०,००० रुपयांचं बिल त्यात बसतं.

आलेला नंबर दोन मिनिटांत कसा तपासायचा?

gst.gov.in उघडा. Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडा आणि नंबर टाका. यासाठी लॉगिन लागत नाही. समोर आलेल्या माहितीत चार गोष्टी बघा.

- Legal Name आणि Trade Name: पहिलं पॅनवरचं नाव, दुसरं दुकानाचं किंवा ब्रँडचं. मालकी हक्काच्या व्यवसायात Legal Name मध्ये मालकाचं स्वतःचं नाव असतं, त्यामुळे पाटीवरचं नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका. दोन्ही नावं ग्राहकाने दिलेल्या माहितीशी जुळतात का ते बघा.
- Status: इथे Active असायला हवं. Suspended किंवा Cancelled दिसलं तर बिल काढण्याआधी ग्राहकाला फोन करा. त्यांनी नवी नोंदणी घेतलेली असू शकते.
- Principal Place of Business: मुख्य पत्ता. बिलावर दुसरा पत्ता हवा असेल, तर तो सर्टिफिकेटच्या अतिरिक्त जागांच्या यादीत आहे का ते बघा.
- Taxpayer Type: इथे बहुतेकांचं Regular असतं. पण SEZ लिहिलेलं असेल तर थांबा. नागपूरच्या मिहानमध्ये एसईझेडमधल्या कंपन्या आहेत. त्यांचा नंबर २७ नेच सुरू होतो, तरीही एसईझेडला दिलेली सेवा राज्याबाहेरची धरतात. तिथे सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा नसतो.

एकाच पॅनवर किती राज्यांत नोंदणी आहे हे बघायचं असेल तर Search by PAN वापरा. दोन-तीन नंबर दिसले, तर "कोणती शाखा?" हा प्रश्न पुन्हा विचारा.

पक्कं बिल काढण्याआधी एकदा कच्चं दाखवा

सगळी माहिती आल्यावर बिलाचा मसुदा तयार करा, पण त्याला बिल नंबर देऊ नका. तो अकाउंट्सच्या माणसाला पाठवून विचारा, "नाव, जीएसटी नंबर, पत्ता आणि कर बरोबर आहे ना?" लेखी होकार आला की नंबर देऊन पक्कं बिल काढा. बिलांचे नंबर सलग असावे लागतात, त्यामुळे कच्च्या बिलात चूक निघाली तर क्रमही बिघडत नाही.

मात्र उत्तराची वाट बघत बसू नका. सेवेचं बिल साधारणपणे सेवा दिल्यापासून ३० दिवसांत काढावं लागतं. म्हणून काम संपायच्या आधीच माहिती हातात हवी. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर काम देणाऱ्याला मेसेज करत राहण्यापेक्षा थेट त्यांच्या अकाउंट्सला फोन करा. आपल्या उदाहरणात इंदूरचा अकाउंटंट जुलैमध्ये फोन करणारच होता. तोच फोन तुम्ही मे महिन्यात केला तर ७०,८०० रुपये अडकणार नाहीत.