वेदिकेची तुटलेली सूची

सांचीच्या महास्तूपाभोवतीची वेदिका वरकरणी सर्वत्र सारखीच दिसते : उभे स्तंभ, त्यांमध्ये बसविलेल्या तीन आडव्या सूची आणि माथ्यावर उष्णीष. छायाचित्रातील तिचा तुटका भाग भरून काढणे अगदी सोपे, असे आम्हांसही वाटले होते.

आमच्याकडील एका छायाचित्रात मधली सूची अर्धी तुटलेली होती. शेजारच्या गाळ्यातील सूचीची प्रतिमा घेऊन ती संगणकावर तेथे बसविली. वेदिका वर्तुळाकार असल्याने कडेचा गाळा अरुंद दिसतो. म्हणून तिची लांबी थोडी कमी केली. डावे-उजवे मात्र उलटविले नाही, अन्यथा तिच्यावरील छाया इतरांच्या विरुद्ध बाजूस पडली असती. सांधा बेमालूम जुळला. परंतु मूळ सूचीवर दात्याचा ब्राह्मी लेख होता, तोही सोबत आला! एकच दान दोनदा नोंदले गेले.

या स्तूपाच्या शेकडो दानलेखांवरूनच भिक्षू, भिक्षुणी आणि उपासक यांच्या दानाचा इतिहास उलगडतो. तेथे असा वाढीव लेख म्हणजे खोटा पुरावाच होय. आम्ही मग लेख नसलेली सूची निवडली, ती भर स्वतंत्र थरावर ठेवली आणि चित्राखालील ओळीत तिचा उल्लेख केला. एरव्ही एकच डाग वा एकच भेग दोन ठिकाणी आढळली, तरच अशी भर ओळखू येते.

भारहुतच्या वेदिकेस ही रीत लागू पडत नाही. तेथील पदकांत निरनिराळी जातके कोरलेली आहेत. शेजारच्या पदकावरून फुटलेले पदक ठरविता येत नाही. ते आम्ही फुटलेलेच छापतो.