व्हीपीएन सुरू केला की मीटिंगच का अडखळते?

नाशिकहून घरून काम करणाऱ्या एखाद्याच्या कंपनीचा व्हीपीएन सर्व्हर जर्मनीत आहे असं समजा. व्हीपीएन सुरू असताना त्याचा टीम्स कॉलही आधी जर्मनीला जातो आणि तिथून पुढे, मग समोरचा सहकारी पुण्यात का बसलेला असेना! यूट्यूबला याचा फारसा त्रास होत नाही, कारण ते पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतं. मीटिंगमध्ये उशिरा पोहोचलेला आवाज फेकूनच द्यावा लागतो.

त्यात भर प्रोटोकॉलची. टीम्स ऑडिओ-व्हिडिओसाठी शक्यतो यूडीपी वापरतं. एखादं पॅकेट हरवलं तरी ते थांबत नाही. पण काही व्हीपीएन सगळं टीसीपीतून नेतात. तिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागची रांग थांबते. चित्र गोठतं, मग एकदम पळतं, ते यामुळे.

स्प्लिट टनेलिंगमध्ये फक्त मीटिंगचा ट्रॅफिक थेट इंटरनेटवर जातो, ऑफिसच्या फाइल्स व्हीपीएनमधूनच. टीम्सच्या मीडियासाठी मायक्रोसॉफ्टही हेच सुचवतं. त्याचे यूडीपी पोर्ट 3478 ते 3481. कॉल तरीही एन्क्रिप्टेडच असतो, मात्र तो भाग कंपनीच्या फायरवॉलमधून जात नाही. म्हणून ही सेटिंग बहुतेकदा आयटी विभागाच्याच हातात असते.

तक्रार करण्याआधी कॉल सुरू असताना टीम्सच्या ‘Call health’मध्ये राउंड-ट्रिप टाइम बघा, एकदा व्हीपीएनसह, एकदा त्याशिवाय. दोन्हीकडे आकडा सारखाच वाईट असेल, तर आधी घरचं वायफाय तपासा.