फॅटिक

‘काय, कुठे निघालात?’
‘हे इथंच, जरा.’

कुठे ते विचारणाऱ्याला कळलेलं नाही, तरी दोघं समाधानानं पुढे जातात. अशा बोलण्याला ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 मध्ये ‘फॅटिक’ हे विशेषण लावलं. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आल्यावर त्याला उमगलं होतं, की पुष्कळसं बोलणं केवळ सोबत जोडण्यासाठी असतं. मूळ ग्रीक ‘फातोस’, म्हणजे बोललेलं. त्यामागचा ग्रीक धातू आणि संस्कृत ‘भण्’ एकाच कुळातले मानले जातात. आपलं ‘म्हणणे’ ‘भण्’वरूनच आलं, त्यामुळे हा परका शब्द मला घरचा वाटतो.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सननं 1960 मध्ये या शब्दाला वाहिनीची कल्पना जोडली: बोलणाऱ्यांमधली वाट उघडी आहे ना, हे तपासणारी भाषा. फोनवरचं ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ हा तिचा उघड नमुना. ‘हे इथंच’ हे उत्तरही तेच काम करतं. त्यातली माहिती जवळपास शून्य, पण वाट मोकळी असल्याची पोच पक्की. म्हणूनच बँक, मग दवाखाना, असा सगळा तपशील दिला तर विचारणारा अवघडतो. आणि काहीच न बोलता पुढे गेलात, तर संध्याकाळी घरी विचारणा होते, ‘त्यांचं काही बिनसलंय का?’