घराचं बीओक्यू: दराआधी मोजमाप बघा

लहान घराच्या बीओक्यूमध्ये कामं साधारण बांधकामाच्या क्रमाने गटांत मांडतात: खोदाई, काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर. प्रत्येक ओळीत एकक, परिमाण, दर आणि रक्कम असते. काँक्रीट घनमीटरमध्ये, सळई किलोमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये.

गडबड प्लास्टरमध्ये होते. समजा, आतली भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच आहे आणि तिला १ × २.१ मीटरचा दरवाजा आहे. दोन्ही बाजू मिळून २४ चौरस मीटर होतात. आयएस १२०० नुसार ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघाडीची एकच बाजू वजा होते; दुसरी बाजू कडांच्या प्लास्टरपोटी सोडतात. म्हणजे उरले २१.९.

आता एकाचा दर ४०० रुपये, पण तो काहीच वजा करत नाही: ९,६०० रुपये. दुसऱ्याचा दर ४२०, पण मोजमाप नियमाने: ९,१९८ रुपये. कमी दरवालाच महाग पडला!

म्हणून मी शीटमध्ये परिमाणाचा कॉलम आधीच भरून लॉक करतो आणि मोजमापाची पद्धत वर लिहितो. ठेकेदाराने फक्त दर भरायचा. अंतिम बिलही त्याच पद्धतीने मोजायचं, हेही तिथेच लिहा.