नामाच्या आधी की नंतर : इटालियन विशेषणाच्या जागेची कुळकथा

इटालियन भाषेत ‘उओमो’ म्हणजे माणूस आणि ‘ग्रान्दे’ म्हणजे मोठा. परंतु ‘उन ग्रान्दे उओमो’ असे म्हटले की थोर माणूस असा अर्थ होतो, आणि ‘उन उओमो ग्रान्दे’ असे म्हटले की सामान्यतः अंगापिंडाने मोठा, धिप्पाड माणूस डोळ्यांपुढे येतो. मराठीत नामाला थेट जोडलेले विशेषण, म्हणजे व्याकरणकार ज्याला अधिविशेषण म्हणतात ते, नामाच्या आधीच येते, आणि ‘मोठा माणूस’ या शब्दजोडीतला मोठेपणा देहाचा, वयाचा की कर्तृत्वाचा हे संदर्भावरून ठरते. इटालियनमध्ये अधिविशेषणाला नामाच्या आधीची आणि नंतरची अशा दोन जागा आहेत, आणि अर्थाची वाटणी बऱ्याच अंशी या जागांवर सोपवलेली आहे. ही वाटणी कोणा व्याकरणकाराने नियम घालून केलेली नाही. लॅटिनमधील एक सैल प्रवृत्ती शतकानुशतके घट्ट होत गेली आणि तिचीच पुढे ही व्यवस्था झाली.

लॅटिनमध्ये नामाचे आणि विशेषणाचे नाते प्रत्ययांनी दाखवले जात असे. लिंग, वचन आणि विभक्ती जुळत असल्यामुळे विशेषण नामाच्या आधी असो, नंतर असो की मध्ये दोनचार शब्द सोडून असो, ते कोणाचे हे वाचकाला कळत असे. जागा अशी मोकळी असली तरी तिच्यात एक कल होता, आणि झ्यूल मारूझो या फ्रेंच लॅटिनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिन शब्दक्रमावर केलेल्या अभ्यासात तो स्पष्ट मांडला. वस्तूचा वर्ग किंवा प्रकार सांगणारी, म्हणजे ती इतरांपासून वेगळी काढणारी विशेषणे बहुधा नामानंतर येत. ‘पोपुलुस रोमानुस’ म्हणजे रोमन जनता, ‘यूस किविले’ म्हणजे नागरी कायदा, ही त्याची नित्याची उदाहरणे आहेत. याउलट बोलणाऱ्याचे मूल्यमापन किंवा भाव व्यक्त करणारी, आणि प्रमाण व संख्या सांगणारी विशेषणे नामाआधी येण्याकडे झुकत. हा नियम नव्हता, आणि जोर द्यायचा असेल तेव्हा क्रम सर्रास उलटत असे. पण पुढील सारा इतिहास या कलाचाच आहे.

‘ग्रान्दे’ या शब्दाची स्वतःची वाटचालही येथे पाहावी लागते. अभिजात लॅटिनमध्ये ‘मोठा’ या अर्थाचा मुख्य शब्द ‘माग्नुस’ हा होता, आणि आकार व थोरवी ही दोन्ही ओझी तो वाहत असे. ‘ग्रान्दिस’ हा त्याच्या शेजारचा शब्द प्रामुख्याने पूर्ण वाढलेल्या, भरदार गोष्टींसाठी वापरला जाई. वाढलेले पीक, जाणते वय, पैशाची मोठी रक्कम ही त्याची क्षेत्रे होती. बोलीभाषेत मात्र ‘माग्नुस’ हळूहळू मागे पडला आणि ‘ग्रान्दिस’ने त्याची जागा घेतली. आजच्या इटालियनमध्ये ‘माग्नो’ हा शब्द कार्लो माग्नो, म्हणजे सम्राट शार्लमेन, किंवा ‘आउला माग्ना’, म्हणजे विद्यापीठाचे मोठे सभागृह, अशा ठरीव जोड्यांतच उरला आहे. शेताशी आणि वयाशी जोडलेल्या या शब्दाकडे आकाराचा आणि थोरवीचा असा दुहेरी कारभार आला, तेव्हा त्या दोहोंना वेगळे ठेवण्यास शब्दाच्या जागेची मदत झाली. फ्रेंच आणि स्पॅनिश या भाषांतही थोर माणूस आणि धिप्पाड माणूस यांच्यात जागेने असाच फरक होतो. त्यावरून या भेदाची मुळे एकट्या इटालियनमध्ये नसून त्यांच्या सामाईक वारशात आहेत, हे दिसते.

लॅटिनच्या विभक्ती लोप पावल्यावर विशेषणाला नामापासून दूर भटकता येईना आणि ते नामाला चिकटून राहू लागले. अशा वेळी नामानंतरची जागा ओळख पटवण्यासाठी पक्की होत गेली, आणि याचा पुरावा स्थलनामांत आजही वाचता येतो. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवर तेराव्या शतकाच्या प्रारंभी दुसरा पूल बांधला गेला, तेव्हा त्याला ‘नवा पूल’ म्हटले जाऊ लागले आणि आधीचा पूल ‘पोन्ते वेक्क्यो’, म्हणजे शब्दशः ‘पूल जुना’, ठरला. आज उभी असलेली त्याची वास्तू 1345 सालची आहे, आणि ‘नवा पूल’ पुढे ‘पोन्ते आल्ला कार्राइया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तरी जुन्याचे नाव टिकले. येथे ‘वेक्क्यो’ पुलाविषयी आदर किंवा जिव्हाळा व्यक्त करत नाही. दोन पुलांपैकी कोणता, एवढेच सांगते. व्हेनिसचा ‘कनाल ग्रान्दे’ही असंख्य कालव्यांतून एक वेगळा काढून दाखवणारा आहे.

लिखित भाषेत मात्र नामाआधीच्या जागेला दीर्घकाळ मोठी प्रतिष्ठा होती. तेराव्या-चौदाव्या शतकांतील फ्लॉरेन्सच्या लेखनात आजच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकारची विशेषणे नामाआधी येत, आणि बोक्काच्चोच्या गद्यावर लॅटिनच्या लांबलचक वाक्यरचनेची छाप असल्यामुळे तेथे हा क्रम विशेष आढळतो. 1525 साली प्येत्रो बेम्बोने ‘प्रोझे देल्ला वोल्गार लिंग्वा’ या ग्रंथात गद्यासाठी बोक्काच्चोचा आणि काव्यासाठी पेत्रार्काचा आदर्श ठरवून दिला, आणि नामाआधी विशेषण ठेवणे हे भारदस्त लेखनाचे लक्षण होऊन बसले. दान्तेने आपल्या महाकाव्याला केवळ ‘कोमेदीया’ म्हटले होते. बोक्काच्चोने त्याला लावलेले ‘दिव्य’ हे विशेषण 1555 च्या व्हेनिसमधील आवृत्तीत प्रथम शीर्षकात छापले गेले, आणि ते नामाच्या आधी आले. दिव्य आणि अदिव्य अशा दोन काव्यांतून निवड करण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. ते विशेषण गौरवासाठी होते. दक्षिण इटलीतील अनेक बोलींवर या साहित्यिक परंपरेचा पगडा नव्हता. तेथे ‘चांगला’, ‘सुंदर’, ‘बिचारा’ अशी मोजकी विशेषणे सोडल्यास बहुतेक नामानंतरच येतात.

या इतिहासातून आजच्या इटालियनमध्ये जी व्यवस्था उरली, तिचे मर्म एका उदाहरणात नीट पाहता येते. व्हेनिसचे भाषाशास्त्रज्ञ गुल्येल्मो चिंक्वे यांनी 2010 साली विशेषणांच्या वाक्यरचनेवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फुटबॉलमधील आघाडीच्या खेळाडूचे उदाहरण चर्चेस घेतले आहे. ‘आत्ताक्कान्ते’ म्हणजे आघाडीचा खेळाडू आणि ‘बुऑनो’ म्हणजे चांगला. ‘उन बुऑन आत्ताक्कान्ते’ म्हटल्यावर आघाडीवर खेळण्यात चांगला, एवढाच अर्थ निघतो. तो मनाने कसा आहे याविषयी त्यात काही नाही. ‘उन आत्ताक्कान्ते बुऑनो’ म्हटल्यावर दोन अर्थ संभवतात : खेळात चांगला, किंवा आघाडीचा खेळाडू असलेला एक भला माणूस. नामाआधीचे विशेषण नामाच्या अर्थात शिरून त्याचे प्रमाण किंवा मोल सांगते. नामानंतरचे विशेषण ते नाम धारण करणाऱ्या व्यक्तीविषयी किंवा वस्तूविषयीही बोलू शकते. हीच कसोटी ‘ग्रान्दे’ला लावली की कोडे सुटते. ‘उन ग्रान फुमातोरे’ म्हणजे फार धूम्रपान करणारा, कारण येथे ‘ग्रान’ धूम्रपानाचे माप सांगते. तसेच ‘उन ग्रान्दे उओमो’मध्ये ‘ग्रान्दे’ माणूसपणाचे माप सांगते, आणि माणूसपण मोठे असणे म्हणजेच थोरवी.

दुसरा धागा निवडीचा आहे. ‘आम्ही ई मोबिली वेक्की विकले’ असे म्हटले, तर घरातील सामानापैकी जुने तेवढे विकले आणि नवे ठेवले, असे ऐकणारा समजतो. ‘ई वेक्की मोबिली विकले’ असे म्हटले, तर ज्याविषयी बोलणे चालले आहे ते सारे सामान विकले, आणि ते जुने होते, असे तो समजतो. पहिल्या वाक्यातील विशेषण गाळल्यास कोणते सामान हे कळेनासे होते, तर दुसऱ्यातील गाळल्यास केवळ एक तपशील कमी होतो. काही विशेषणांत हे अंतर इतके वाढले आहे की कोशाला दोन अर्थ स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात : ‘चेर्ते नोतीत्सिए’ म्हणजे काही बातम्या, ‘नोतीत्सिए चेर्ते’ म्हणजे खात्रीच्या बातम्या, ‘उन पोवेरो उओमो’ म्हणजे बिचारा माणूस, ‘उन उओमो पोवेरो’ म्हणजे निर्धन माणूस.

उच्चारातही या वाटणीची खूण उमटलेली आहे. ‘बुऑनो’चे ‘बुऑन’, ‘बेल्लो’चे ‘बेल’, ‘ग्रान्दे’चे ‘ग्रान’ आणि ‘सान्तो’चे ‘सान’ अशी आखूड रूपे नामाआधीच होतात, नामानंतर कधीच नाही. नामाआधीचे विशेषण नामाशी एका आघातात बांधले जाते आणि झिजते. नामानंतरचे विशेषण स्वतःचा आघात राखून पूर्ण रूपात उभे राहते. अर्थाने नामात मिसळणारा शब्द ध्वनीनेही नामात मिसळला, असे म्हणता येते.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत, आणि त्या न ओळखल्यास चुका होतात. ‘ग्रान्दे’ आधी आले की दरवेळी थोरवीच अभिप्रेत असते, असे नाही. ‘उना ग्रान्दे काझा’ हे मोठे घरच असते, फक्त ‘काझा ग्रान्दे’मध्ये लहान घरांशी असलेली तुलना अधिक ठळक होते. थोर आणि धिप्पाड असा फरक ‘माणूस’सारख्या नामाबरोबर तीव्र होतो, कारण त्या नामाच्या अर्थातच मोलाची पातळी असते, घराला ती नसते. ‘अध्यक्षीय’, ‘वैद्यकीय’ यांसारखी एखाद्या क्षेत्राशी संबंध दाखवणारी विशेषणे आजच्या भाषेत नामानंतरच येतात, आणि ‘मोल्तो ग्रान्दे’, म्हणजे खूप मोठा, अशी पुरवणी जोडली की विशेषण सहसा नामामागे जाते. शिवाय नामानंतरची जागा, खेळाडूच्या उदाहरणात दिसले त्याप्रमाणे, अनेकदा दोन्ही अर्थांना खुली असते; म्हणून ‘उओमो ग्रान्दे’चा अर्थही शेवटी संदर्भच पक्का करतो.

दोन्ही जागा इटालियन लेखकांच्या हाताशी सतत राहिल्या, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आलेस्सान्द्रो मान्त्सोनीच्या कादंबरीचे आहे. तिच्या मधल्या खर्ड्याचे नाव ‘ल्यी स्पोझी प्रोमेस्सी’ असे होते, आणि 1827 साली ती छापली गेली तेव्हा ते ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ झाले. दोन्हींतले शब्द तेच आहेत आणि दोन्हींचा अर्थ लग्न ठरलेले वधूवर असाच आहे. परंतु दुसऱ्या क्रमात ‘ठरलेले’ हे विशेषण वधूवरांची निवड करत नाही, त्यांच्या नावाचा भाग होते.

म्हणून इटालियन शिकणाऱ्याने अर्थ बदलणाऱ्या विशेषणांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत : हे विशेषण नामाच्या अर्थाचे माप सांगते की त्या व्यक्तीचा किंवा वस्तूचा वेगळा गुण सांगते, आणि ते नुसते वर्णन करते की अनेकांतून एक निवडते. पहिल्या पर्यायाकडे कल असेल तर विशेषण नामाआधी जाते, दुसऱ्याकडे असेल तर नामानंतर. याद्यांतील बहुतेक जोड्या या दोन प्रश्नांनी उलगडतात, आणि याद्यांत नसलेल्या विशेषणांनाही तेच प्रश्न लागू पडतात.