बिलबुकातील खंडित क्रम

छापील बिलबुक हरवल्यामुळे किंवा खराब झाल्यामुळे विक्रीबिलांच्या अनुक्रमांकांत पडलेली फट. ही नोंद भारतातील वस्तू व सेवा कराखालील (जीएसटी) बिलांपुरती आहे.

केंद्रीय जीएसटी नियमावली, २०१७ मधील नियम ४६ नुसार बिलाचा क्रमांक सलग असावा, सोळा चिन्हांपेक्षा लांब नसावा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच यावा. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला मुभा आहे. बिलबुक हरवले तर काय करायचे, यासाठी मात्र नियमांत वेगळी पद्धत सांगितलेली नाही. जुन्या उत्पादन शुल्काच्या काळात बुक वापरायला काढण्याआधी त्याचे क्रमांक खात्याला कळवावे लागत; जीएसटीत तसे नाही. त्यामुळे किती क्रमांक छापले आणि त्यांतले किती गेले, याचा पुरावा व्यापाऱ्यालाच उभा करावा लागतो. छापखान्याचे बिल इथे उपयोगी पडते, कारण त्यावर कुठून कुठपर्यंत क्रमांक छापले ते लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर ते लिहून मागावे.

एक पान खराब झाले तर काम सोपे असते. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात: मूळ गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडे. तिन्हींवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचे, सही करायची आणि त्या बुकातच टाचून ठेवायच्या. पान फाडून टाकणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक. रद्द झालेले बिल दाखवता येते, नसलेले पान दाखवता येत नाही. मात्र मूळ प्रत देऊन माल गेलेला असेल, तर मागाहून ते बिल रद्द करून भागत नाही. रक्कम किंवा कर जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते.

बुकच हरवले तर त्यातल्या वापरलेल्या आणि कोऱ्या क्रमांकांचा विचार वेगवेगळा करावा. समजा, एका हार्डवेअर दुकानाचे ६५१ ते ७०० क्रमांकांचे बुक १८ जुलै २०२५ ला टेम्पोतून माल पोचवताना पडले. विक्रीवहीत शेवटची नोंद ६७२ ची आहे. म्हणजे २२ बिले दिली गेली होती आणि २८ क्रमांक कोरे होते.

दिलेल्या २२ बिलांची विक्री खरी आहे आणि त्यावरचा कर देणे आहेच. नोंदणीकृत गिऱ्हाइकांकडे मूळ प्रत असते. तिची झेरॉक्स मागवून घ्यावी. रोखीच्या किरकोळ विक्रीसाठी रोजकीर्द, यूपीआयच्या नोंदी आणि मालसाठ्याची वही ताडून रकमा जुळवाव्यात. हे काम ११ ऑगस्टच्या आत व्हायला हवे, कारण मासिक विवरण भरणाऱ्याची जुलैच्या जीएसटीआर-१ ची मुदत तीच. एखाद्या गिऱ्हाइकाला पुन्हा प्रत हवी असेल तर त्याच क्रमांकाची, ‘दुय्यम प्रत’ असे लिहून द्यावी. नवा क्रमांक दिला तर एकाच विक्रीची दोन बिले होतात.

कोरे २८ क्रमांक पुन्हा छापून घेण्याचा मोह टाळावा. हरवलेल्या पानांवर दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक छापलेला असतो. कोणी ती वापरली तर एकाच क्रमांकाची दोन बिले बाजारात फिरतील आणि खरे कोणते हे सांगणे अवघड जाईल. पुढचे बुक ७०१ पासून सुरू करावे. त्याच दिवशी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करून तीत ६७३ ते ७०० हे क्रमांक घालून घ्यावेत. ‘एक बिलबुक हरवले’ एवढेच लिहिलेल्या कागदाचा फारसा उपयोग होत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही हे क्रमांक लेखी कळवावेत.

जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये महिन्यात काढलेल्या बिलांचा आरंभीचा व शेवटचा क्रमांक, एकूण, रद्द आणि निव्वळ संख्या द्यावी लागते. वरच्या दुकानाची जुलैची बिले ६१२ ते ७३८ अशी असतील तर एकूण १२७, रद्द २८, निव्वळ ९९ असे भरावे. ६१२ ते ६७२ आणि ७०१ ते ७३८ अशा दोन ओळी करूनही बेरीज ९९ च येते, पण मग मधले क्रमांक कुठेच दिसत नाहीत आणि तपासणीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो. पहिली रीत बरी. अधिकाऱ्याला शंका असते ती त्या क्रमांकांवर विक्री लपवल्याची; तिला उत्तर पोलिसांच्या कागदापेक्षा जुळणारा मालसाठा जास्त चांगले देतो.

पावसात भिजलेले किंवा वाळवीने खाल्लेले बुक हरवलेले नसते. त्याचे फोटो काढून उरलेली पाने जपून ठेवावीत. हरवलेले बुक पुढे सापडले तरी कोरी पाने वापरू नयेत. ती रद्द करून दप्तरात ठेवावीत. वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने दप्तर ठेवणे कायद्याने बंधनकारक असल्याने, २०२५-२६ चे असे बुक ३१ डिसेंबर २०२६ या मुदतीनुसार डिसेंबर २०३२ अखेरपर्यंत सांभाळावे लागते.